चतकोर भाकरी आणि दुसरं ताट

आमच्या गावच्या यात्रेत दरसाल नाटक असतं. पूर्वी तांबडं फुटेपर्यंत चालायचं. आता कर्ण्याला परवानगी दहापर्यंतच, म्हणून दिवेलागणीला पडदा उघडतो. नाटक लिहितात आणि बसवतात आष्ट्याचे एक रिटायर गुरुजी. बाईचं काम करायला सांगलीहून नटी येते. बाकी सोंगं गावातलीच पोरं करतात. तरुणपणी सुट्टीवर आलो की मी पडदा ओढायचो. आता पडद्याला मोटर आहे. मला काही काम नाही, तरी तालमीला शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसतो. बायको गेल्यापासून घरात बसवत नाही, आणि पारावर बसलं की लोक तिच्याबद्दल बोलतात.

मी चौथी शिकलेला माणूस. फौजेत गाडी चालवली, मग रानात ऊस केला. लिहिणं म्हणजे सही आणि कधी तरी घरी चार ओळी. पण त्या तालमीत मला राहवलं नाही.

गुरुजींच्या नाटकात नवरा-बायकोचं भांडण होतं. भांडण झाल्यावर दोघं समोरासमोर उभी राहून एकमेकाला लांबलचक ऐकवत होती. बायको पदराला डोळे पुसत म्हणत होती, "तुमच्या या मौनानं माझं काळीज चिरलं." मला हसू आलं. मोठ्यानं आलं.

गुरुजी थांबले. "काय झालं आबा?"

म्हटलं, "गुरुजी, तुमची बायको भांडण झाल्यावर असं बोलती का?"

"नाही."

"मग काय करती?"

गुरुजींनी चष्मा काढला. "काय करत नाही. गप बसते."

"मग तेच दाखवा की. हिथं तर मौनाचं भाषण चाललंय."

पोरं हसली. गुरुजींना लागलं ते. त्यांनी हातातले कागद मिटले आणि म्हणाले, "एक शब्द नसलेला प्रवेश लिहिणं सोपं वाटतं तुम्हाला? मग तुम्हीच आणा लिहून. चांगला असला तर घेतो. नसला तर परत तालमीत तोंड उघडायचं नाही."

मी हो म्हटलं. गुरुजींना वाटलं असणार, म्हातारा चिडून हो म्हणतोय. माझ्या मनात दुसरंच होतं.

माझी एक लेक आहे, रहिमतपूरला दिलेली. तिच्या आईच्या तेराव्याला तिनं भांडी घासून पालथी घातली, पिशवी उचलली आणि माझ्याकडं न बघता एसटीत बसली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. सणाला येते, झाडलोट करते, भाकरी थापून ठेवते, जाते. फोन लावला तर जावई उचलतात. तिचं म्हणणं मला ठाऊक होतं. आबांनी आईला छळली, शेवटच्या दिवसांत एक शब्द बोलले नाहीत, आई झुरून गेली. हे तिनं भावकीत सगळीकडं सांगितलं होतं.

आणि खरं असं होतं की मी माघार घेतली होती. माझ्या बायकोनं ती लाथाडली. हे मी कुणाला सांगणार, आणि ऐकणार कोण? पण यात्रेला लेक येते. नाटक बघते. म्हटलं, बघू दे एकदा पुढच्या रांगेत बसून. बघू दे तिची आई काय होती.

ते भांडण आधी सांगतो.

फौजेतले माझे दोन जोडीदार शिराळ्याहून जेवायला आले होते. त्या दिवसांत बायकोच्या हाताला काय झालं होतं कुणास ठाऊक. आमटी पाण्यासारखी, भात गिचका, पिठलं तर वाटीतून पिण्याजोगं. भाकरी बरी असायची, पण त्यातली एक ती आमटीत आधीच कुस्करून, भिजवून ठेवायची. मी आपला रोज गिळत होतो. त्या दिवशी पाहुण्यांच्या पुढ्यात तसलंच वाढलं आणि माझं डोकं गेलं.

म्हटलं, "आगं, आमचं दात पडल्यात का? का आमी रोगी हाय? ही असली गिळगिळीत पेज कुत्र्याम्होरं टाकलीस तर कुत्रंबी तोंड फिरवंल."

ती तव्यावरची भाकरी काढत होती. वर न बघता म्हणाली, "आवं, फौजंत मगातलं कोमट पाणी पिऊन जलम काडला, आता चव कळाया लागली व्हय? सासूबाईस्नी तरी कवा कळली न्हाई, तुमी तर त्यांचंच."

माझ्या आईवर गेली. पाहुण्यांदेखत. मी ताट ढकललं. त्यावर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. तीही जे बोलली तेही नाही. पाहुणे हात धुऊन निघून गेले. त्यानंतर आमच्या घरात बोलणं बंद झालं.

आता गुरुजींनी मागितलेलं लिखाण. पहिला कागद मी एका बैठकीत भरला. नवरा जेवायला बसतो. तो मनात म्हणतो, हिला कसली घमेंड आहे. बायको रागानं ताट आपटते. ती मनात म्हणते, मी बोलणार नाही. नवरा दुःखानं पाणी पितो. बायको मांजराला म्हणते, "खा बाई तूच, माणसास्नी गोड लागंना."

गुरुजींनी वाचलं आणि लाल पेन काढलं. "आबा, मनात म्हणतो, ते लोकांनी कसं ऐकायचं? मन दिसत नाही. हात दिसतात. रागानं कसं वाढतात? दुःखानं पाणी कसं पितात? घोट तोच. हात काय करतो ते लिहा, का करतो ते लिहू नका."

"आणि मांजर?"

"मांजराशी बोलली म्हणजे बोललीच की. मांजर काढा."

मांजरावर मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. आमच्याकडं पूर्वीच्या भांडणात मांजर, म्हैस, भिंत, चूल, सगळ्यांच्या मार्फत बोलणं चालायचं. "म्हशे, तुझा मालक आला बघ उंडारून." असल्या भांडणात भ्यायचं कारण नसतं. या भांडणात म्हशीशीसुद्धा कुणी बोलत नव्हतं. गुरुजी बरोबर होते. मांजर खोडलं.

मग मी नुसतं आठवायला लागलो. तिचे हात. ती कशी बसायची, काय कुठं ठेवायची. गुरुजींनी एक विचारलं, "तुमच्या प्रवेशात दोघं एका खोलीत का थांबतात? बोलायचं नसेल तर एक जण उठून जाईल. अडकवा त्यांना." ते सोपं होतं. चूल एकच आणि भूक दोघांना. तो मागायला तोंड उघडणार नाही आणि ती विचारणार नाही, पण मीठ तिच्या अंगाला आणि तांब्या त्याच्या अंगाला. म्हणजे प्रत्येकाला लागणारी वस्तू दुसऱ्याच्या हाताशी. मी तसं लिहिलं. आमटी अळणी आहे. त्याची नजर मिठाच्या बरणीवर जाते, बरणी तिच्या गुडघ्याजवळ. ती बघते की तो बघतोय. बरणी सरकवत नाही. तो अळणी खातो. मग तिला ठसका लागतो. तांब्या त्याच्या हाताशी. तो तांब्या उचलतो, आपल्याच फुलपात्रात पाणी ओततो, पितो, तांब्या होता तिथं ठेवतो.

"हे झालं होतं?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय."

"दोन्ही?"

"दोन्ही. मीठ तिचं, पाणी माजं."

गुरुजी कागदाकडं बघत राहिले. म्हणाले, "वाईट आहे आबा. चांगलं वाईट आहे. पुढं लिहा."

दुसरी गोष्ट मी त्यांना शिकवली म्हणायला हरकत नाही. गुरुजींची नटी ताट दाणकन ठेवत होती. मी म्हटलं, बाई, भांडी आपटणारी बाई अजून बोलत असते, तिला कुणी तरी ऐकावं वाटत असतं. जी हळू ठेवते, आवाज होऊ नये म्हणून ताटाखाली बोट ठेवते आणि मग बोट काढून घेते, तिला भ्यायचं. नटीनं तसं करून बघितलं. हॉलमधली पोरं एकदम गार झाली.

नटी सांगलीची, जिभेला धार असलेली. म्हणाली, "आबा, तुमच्या घरात लय तालमी झालेल्या दिसतात."

पण नुसतं गप बसलं की प्रेक्षक खोकायला लागतो, मागची पोरं शिट्ट्या मारतात. तालमीत मारल्याच. गुरुजी म्हणाले, गप्पपणाला आवाज लागतो. तव्यावर भाकरी फुगल्याचा, बांगडी परातीला लागल्याचा, त्याच्या चावण्याचा. आणि दोघांनी एकाच वेळी एकमेकाकडं बघायचं नाही. तो बघेल तेव्हा तिची मान खाली, ती बघेल तेव्हा त्याची. नजरेला नजर एकदाच, आणि तीही शेवटी, नाही तर लोकांना वाटतं आता मिटलं. आणि दर वेळी एक पायरी वर. मिठानं सुरू केलंत, पाण्यानं वाढवलंत, आता त्याहून मोठं काय?

त्याहून मोठं माझ्याकडं होतं. त्यासाठीच तर लिहायला बसलो होतो.

आमच्याकडं जुन्या बायका नवरा जेवून उठला की त्याच्याच ताटात जेवतात. आता कुणी करत नाही, माझ्या लेकीनं एक दिवस केलं नाही. पण माझी बायको लग्नापासून माझ्या ताटात जेवली. आणि मी उठताना ताटात चतकोर भाकरी ठेवायचो. माझ्या आईनं शिकवलेलं, ताट पुसून उठायचं नाही, मागनं बसणारीचा घास ठेवायचा. ती त्या चतकोरापासून जेवायला सुरुवात करायची. आमच्यात गोड बोलायची रीत नव्हती. त्या चतकोरातच काय असेल ते असायचं. भांडण झालं की मी चतकोर ठेवायचो नाही, ताट चाटून पुसून उठायचो. ती रिकाम्या ताटात बसायची आणि आपलं आपण वाढून घ्यायची. राग गेला की परत चतकोर. बाकी समझोता असा कुठला नाही.

गुरुजींनी हे ऐकलं आणि म्हणाले, "हे आधी दाखवायला लागेल. पहिल्या अंकात, सगळं गोड असताना. तो चतकोर ठेवतो, ती त्याच ताटात बसते, तो ओसरीवरून बघतो. लोकांना रीत कळली पाहिजे, तर ती मोडलेली कळेल. नाही तर तुमची बाई दुसरं ताट घेईल आणि मागचा म्हणेल, बरं केलं, पहिलं खरकटं होतं."

पहिल्या अंकात तो तुकडा घातला. मग शेवट लिहिला, जसा झाला तसा.

शिराळ्याच्या पाहुण्यांनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो. मीठ झालं, पाणी झालं. जेवून होत आलं आणि मला वाटलं, जाऊ दे. म्हातारी माणसं आपण. मी चतकोर भाकरी मोडली, ताटात मधोमध ठेवली, तिला दिसेल अशी. हात धुतले. ओसरीला जायच्या आधी उंबऱ्यावर थांबून वळून बघितलं. तिनं ताट उचललं. चतकोर बघितला. ताट मोरीत ठेवलं. आणि मांडणीवरचं दुसरं ताट घेतलं. तेव्हा आमची नजरानजर झाली. तिनं नजर काढली नाही, मीच काढली, आणि रानात निघून गेलो.

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दुसरं ताट. तोंडात मारली असती तरी चाललं असतं. त्या दिवसापासून मी चतकोर ठेवला नाही आणि तोंड उघडलं नाही. पुढं श्रावण आला, गेला. ती वाळत चालली. मी म्हटलं, वाळू दे, माज उतरतोय. मग एक दिवस ती मोरीत पडली, मिरजेच्या दवाखान्यात नेली, आणि डॉक्टरनं सांगितलं की अन्ननळीत गाठ आहे आणि आता करण्यासारखं काही नाही. नाकातून नळी घातली होती. तिला बोलता येत नव्हतं आणि मला काय बोलावं कळत नव्हतं. एकदा विचारलं, "पाणी पायजे?" तिनं डोळे मिटून घेतले. तेवढंच आमचं झालं.

मी हे सगळं लिहिलं नाही. लिहिलं ते चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. शेवटी: बायको दुसरं ताट घेते. नजर. नवरा जातो. पडदा.

गुरुजींनी कागद हातात घेऊन नुसती मान हलवली. "शब्द नाही एक. घेतला."

मला काय वाटलं सांगू? जिंकल्यासारखं वाटलं. मेलेल्या बाईशी भांडण जिंकलो असं वाटलं.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात लेक आली, घर सारवायला, म्हणजे फरशी पुसायला. मी जावयाच्या फोनवर निरोप घातला होता की तालीम बघायला ये. येईल असं वाटलं नव्हतं. दुपारच्या तालमीला हॉलच्या मागच्या बाजूला बाकावर येऊन बसली. पिशवी मांडीवर.

प्रवेश सुरू झाला. मीठ झालं. पाणी झालं. मी लेकीकडं बघत होतो. ती नटीच्या हाताकडं बघत होती. नवऱ्याचं काम करणाऱ्या पोरानं चतकोर ठेवला, उंबऱ्यावर थांबला. नटीनं ताट मोरीत ठेवलं, दुसरं ताट घेतलं. नजर. पोरगं गेलं.

आणि नटी ताट हातात घेऊन उभीच राहिली. म्हणाली, "आबा, एक अडतंय. पडदा पडायला मोटर वेळ घेती. तवर मी काय करू? दुसरं ताट घेतलं, मग जेवती का?"

"जेवती की."

"काय वाढून घेती? किती? बसून जेवती का उभ्यानं? ताट कशाला घेतलं हे मला ठावं असल्याबिगर हात चालत न्हाईत. नुसतं तुमी लिवलंय, दुसरं ताट घेते."

मी म्हटलं, "त्याचा अपमान कराया घेतलं. आनि काय?"

"ते तुमचं. तो बगत हाय तवर ठीक. पण तो गेला की अपमान कुणाचा करायचा? तो गेल्यावर बाई काय करती?"

मी रानात गेलो होतो. मी बघितलंच नव्हतं. इतके दिवस तो प्रसंग डोळ्यापुढं ठेवला, बरणी कुठं, तांब्या कुठं, सगळं ठाऊक, आणि पाठ फिरवल्यावर चुलीजवळ काय झालं ते माझ्याकडं काहीच नव्हतं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा दोन्ही ताटं घासून पालथी होती.

मागून आवाज आला. "तिला गिळत न्हवतं."

लेक बोलली होती. बाकावरून उठली नव्हती. आवाज मोठा नव्हता, पण हॉल रिकामा, सगळ्यांना ऐकू गेलं.

"भाकरी घशात अडकायची. पानी घेतलं तरी अडकायची. म्हनून सगळं पातळ करायची. तुमच्या ताटात बसली तर पयला घास तुमच्या भाकरीचा घ्याया पायजे. तो तिला जात न्हवता. उलटून पडायचा. तुमी ओसरीला बसून बगायचा. म्हनून दुसरं ताट घेतलं. त्यात पेज घेतली. तुमचा चतकोर तिनं टाकला न्हाई. मोरीत ताट ठेवलं, पर भाकरी काडून घेतली. पदरात बांधली. मला दावली हुती, वाळून खडंग झाल्याली."

गुरुजी दुसरीकडं बघायला लागले. पोरं पायाकडं.

मला रडू यायला पाहिजे होतं. नाही आलं. मला आला राग. मी म्हटलं, "तुला ठावं हुतं?"

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"तिला गिळत न्हाई हे तुला ठावं हुतं, आनि तू गप बसलीस? दवाखान्यात न्यायला रहिमतपुरास्नं गाडी मिळत न्हवती? गावभर सांगत फिरलीस बापानं मारली, आनि तू काय केलंस गं?"

लोकांदेखत बोललो. शिराळ्याचे पाहुणे होते तेव्हा बोललो होतो तसंच. माझं तोंड बोलायला लागलं की असंच बोलतं.

ती उभी राहिली. तिचा चेहरा तिच्या आईसारखा नाही, माझ्यासारखा आहे. म्हणाली, "मी म्हनलं तिला, चल. ती म्हनली, त्यांनी एकदा इचारू दे, का जेवंनास म्हनून. एकदा इचारलं की सांगते, मग जाऊ. तवर कुणाला सांगायचं न्हाई म्हनून माज्या गळ्याची आन घातली. रोज फोन केला. रोज इचारलं, इचारलं का आबांनी? रोज न्हाई म्हनली." पिशवी काखेत मारली. "मी आन पाळली. तेवडं माजं हाय. ते मी बगून घेईन. तुमी तुमचं नाटक करा."

आणि गेली.

नटीनं अजून ते ताट हातात धरलं होतं. गुरुजी म्हणाले, "आबा, हा प्रवेश काढून टाकू."

म्हटलं, "न्हाई. हुंदे."

त्या संध्याकाळी घरी लेक होती. आम्ही एका छपराखाली होतो आणि बोललो नाही. तिनं कोठीच्या दारात अंथरूण टाकलं, मी ओसरीला. मी कागद काढला. आता हे लिहिणं अवघड होतं, कारण मला कळलेलं होतं. कळलं की माणसाला सांगावंसं वाटतं. मी लिहून बघितलं, की बायको घशाला हात लावते, की औषधाची बाटली बघते, की देवाला हात जोडते. सगळं खोटं दिसायला लागलं. गुरुजींनी पहिल्या दिवशी सांगितलेलं आठवलं. का ते लिहू नका.

शेवटी जुन्यातलं मी काही बदललं नाही. मीठ तसंच, तांब्या तसाच, दुसरं ताट तसंच, नजर तशीच. फक्त नवरा गेल्यावर पडदा पाडला नाही. तो गेल्यावर ती मोरीकडं जाते, ताटातला चतकोर काढते, इवलासा तुकडा मोडून तोंडात घालते. चावते. चावतच राहते. मग भिंतीकडं तोंड करते आणि तो तुकडा हातावर काढते. उरलेली भाकरी पदरात बांधते. दुसऱ्या ताटात पळीभर पेज. मग पडदा.

तुकडा तोंडात घालून बघितला, हे मला कुणी सांगितलेलं नाही. ते मी घातलं. तिनं बघितला असणार.

कागद गुरुजींना दिला. त्यांनी लाल पेन काढलंच नाही.

यात्रेला ते नाटक झालं. पहिल्या अंकात ताटाचं बघून पुढच्या म्हाताऱ्या बायका एकमेकीला कोपरानं ढोसत हसल्या. दुसऱ्या अंकात मिठाच्या बरणीला मागच्या पोरांनी एक शिट्टी मारली. पाण्याच्या वेळी मारली नाही. दुसरं ताट घेतलं तेव्हा बाप्यांच्या बाजूनं कुणी तरी म्हणालं, "लय माजली हाय." अगदी माझंच वाक्य. मग नवरा गेला आणि ती मोरीकडं गेली, आणि त्या माणसाची खुर्ची वाजली नुसती.

लेक पुढच्या रांगेत नव्हती. बायकांच्या गर्दीत कुठं तरी असेल. मी शोधली नाही. विंगेत उभा राहिलो आणि नटीच्या हाताकडं बघत राहिलो. बाई चांगली होती. पण माझी बायको तांब्या उचलताना आधी त्याचा गळा पदरानं पुसायची, ते मी लिहायचं विसरलो होतो. आता ते कुणालाच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीनं भाकरी केल्या. पाहुणेरावळे गेले होते, ती चारच्या एसटीनं जाणार होती. मला वाढलं. भाकरी चांगली, टणक पापुद्र्याची, आमटी दाट. मीठ तिनं न मागता माझ्या ताटाजवळ ठेवलं होतं. मी जेवलो. उठताना हात आपसूक गेला आणि चतकोर भाकरी ताटात राहिली. सवयीनं राहिली का मी ठेवली, मला सांगता येणार नाही.

तिनं ताट उचललं. चतकोराकडं बघितलं. दुसरं ताट घेतलं नाही आणि या ताटातही बसली नाही. भाकरी उचलली, परसात गेली, आणि कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून आली. कावळ्याला ठेवतात तशी. मग ताट घासायला बसली.

मी उंबऱ्यावर उभा होतो. मला लगेच दिसायला लागलं की हा अपमान आहे. मग वाटलं, नाही, ही माफी आहे. दोन्ही मला पटलं. पुढं रान होतं, पायात चप्पल होती.

मी गेलो नाही. म्हटलं, "का ठेवलीस गं तितं?"

ती राखेनं ताट घासत होती. हात थांबला नाही. "आयचा घास हाय म्हनून."

मी उभाच.

"तुमी मला इचारलंसा ते बरं केलंसा," ती म्हणाली. "तिला इचारायचं हुतं."